सुराने बदलणारा अर्थ

त्वष्ट्याने यज्ञात ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द चुकीच्या स्वरात उच्चारला आणि इन्द्राला मारणारा पुत्र मिळण्याऐवजी इन्द्राकडून मारला जाणारा पुत्र त्याच्या पदरी पडला, ही कथा पतंजलीने महाभाष्यात उल्लेखिली आहे. उदात्त अंती असता तत्पुरुष, आरंभी असता बहुव्रीहि. वेदभाषेतील हे स्वर आज आपल्या बोलण्यात उरले नाहीत. चिनी भाषेत मात्र जवळजवळ प्रत्येक अक्षराचा अर्थ सुरावर अवलंबून असतो.

पेकिंगच्या बोलीवर आधारलेल्या प्रमाण चिनीत मुख्य सूर चार. ते दर्शविण्यासाठी युएन रेन चाओ यांनी १९३० साली पाच पायऱ्यांची पट्टी सुचविली. पहिला सूर पाचव्या पायरीवर स्थिर राहतो, दुसरा तिसरीवरून पाचवीवर चढतो, तिसरा खाली उतरून पुन्हा वर येतो व चौथा पाचवीवरून पहिलीवर कोसळतो. या पायऱ्या संवादिनीच्या पट्ट्यांप्रमाणे ठराविक नव्हेत. बालकाची पाचवी व वृद्धाची पाचवी निराळी, परंतु चढउताराची आकृती तीच.

आता आपल्या ‘माय’ या शब्दासारखा उच्चार घेऊ. तिसऱ्या सुरात त्याचा अर्थ विकत घेणे, चौथ्यात विकणे, दुसऱ्यात पुरणे. घोड्याला ‘मा’ म्हणतात, तोही तिसऱ्या सुरात. मात्र दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिल्याचा दुसरा होतो. म्हणून ‘घोडा विकत घेणे’ व ‘घोडा पुरणे’ हे दोन्ही कानाला सारखेच वाटतात! ऐकणारा गोंधळत नाही, कारण बाजारात घोडे पुरण्याची गोष्ट कोणी काढीत नाही.

ओळखण्यास बोलण्यापेक्षा कमी कष्ट पडतात, त्याचे एक कारण येथेच आहे. ऐकताना प्रसंग साहाय्यास येतो आणि कानाला दोन-तीन आकृत्यांतून एक निवडावयाची असते. (दुसरा व तिसरा सूर कानालाही पुष्कळ दिवस चकवितात, हे खरे.) बोलताना मात्र आपल्या आवाजाची उंच व नीच मर्यादा आपणच ठरवावयाची, स्वरतंतूंचा ताण अक्षराच्या अल्प अवधीत बदलावयाचा आणि पुढचे अक्षर पाहून सूर फिरवावयाचा, हे सारे एकाच वेळी करावे लागते.

शिवाय मातृभाषेची लकब आड येते. मराठी मनुष्य ‘विकतोस?’ असे विचारताना शेवट उंचावतो. तीच सवय चिनी ‘माय’वर चालविली की कोसळणारा चौथा सूर चढता होतो आणि विकण्याऐवजी पुरण्याचा प्रश्न विचारला जातो. चिनी मनुष्यही प्रश्नात आवाज वर नेतो. परंतु सारी पट्टीच किंचित उंचावून आतील उतार कायम ठेवतो. बोलणाऱ्याला आपली चूक जाणवत नाही, कारण त्याच्या मनात योग्य सूरच घुमत असतो. आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून शिक्षकाच्या आवाजाशेजारी ऐकला, म्हणजे जो कान दुसऱ्याचा सूर ओळखतो तोच आपलाही पकडतो.