पत्रिकेच्या छापील प्रतीतील ग्रहस्पष्ट कसे वाचावे

संगणकावर काढलेल्या पत्रिकेत कुंडलीच्या चौकटीखाली एक तक्ता असतो. तो ग्रहस्पष्टाचा. प्रत्येक ग्रहासमोर राशी, अंश-कला-विकला, नक्षत्र, चरण, दैनिक गती आणि वक्री असल्यास तशी खूण दिलेली असते. कुंडलीत ग्रह फक्त कोणत्या राशीत आहे ते दिसते. त्या राशीत नेमका कुठे आहे ते हा तक्ता सांगतो.

उदाहरणादाखल चंद्राची एक ओळ घेऊ: १-१६-३५-२०, रोहिणी २, गती ८१० कला. पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. १ म्हणजे मेष संपली आणि चंद्र दुसऱ्या, म्हणजे वृषभ राशीत आहे. कुंडलीच्या घरात मात्र वृषभेसाठी २ लिहितात, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. पुढचे आकडे वृषभेतील १६ अंश, ३५ कला, २० विकला दाखवतात. अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला होतात. काही प्रतींत हेच स्थान १६.५९ असे दशांशात छापलेले असते. ते १६ अंश ५९ कला असे वाचले, तर चंद्र जवळजवळ २४ कला पुढे सरकतो. दशांशाला ६० ने गुणल्यावरच कला मिळतात.

एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे आणि त्याचा एक चरण ३ अंश २० कलांचा असतो. रोहिणी वृषभेच्या १० अंशांपासून सुरू होते. तिचा पहिला चरण १३ अंश २० कलांवर आणि दुसरा १६ अंश ४० कलांवर संपतो. म्हणून या ओळीतला चंद्र दुसऱ्या चरणात आहे. रोहिणीच्या चार चरणांची नामाक्षरे ओ, वा, वी, वू अशी आहेत. या बाळाचे अक्षर ‘वा’ येते. ग्रहाचा नवमांशही चरणावरूनच ठरतो.

चंद्र तिसऱ्या चरणापासून केवळ ४ कला ४० विकला दूर आहे. ही अडचण किती मोठी, ते गतीच्या रकान्यावरून कळते. दिवसाला ८१० कला म्हणजे तासाला सुमारे ३४ कला. उरलेले अंतर चंद्र साधारण ८ मिनिटांत तोडतो. जन्मवेळ दहा मिनिटे उशिराची निघाली तर चरण तिसरा आणि अक्षर ‘वी’ होईल. दिवसाला दोन-चार कलाच सरकणाऱ्या शनीच्या स्थानात त्याच दहा मिनिटांनी काही विकलांचासुद्धा फरक पडत नाही. म्हणून वेळेची शंका असल्यास आधी चंद्राची ओळ आणि लग्नाचे अंश तपासावेत.

वेळ अचूक असूनही दोन प्रतींत चरण वेगळा दिसू शकतो. त्याचे कारण अयनांश. वरचे स्थान चित्रापक्ष, म्हणजेच लाहिरी अयनांशाने काढलेले मानले, तर कृष्णमूर्ती अयनांशाने ते सुमारे ६ कला पुढे जाते आणि चरण तिसरा येतो. टिळक पंचांग ज्या रैवतपक्षावर चालते, त्यात फरक जवळजवळ ४ अंशांचा पडतो. तिथे चंद्र २० अंश ३० कलांच्या आसपास जाऊन रोहिणीचा चौथा चरण लागतो. आकाशातला चंद्र तोच असतो. मोजणीचा आरंभबिंदू बदललेला असतो. म्हणून प्रतीवर अयनांशाचे नाव आधी शोधावे आणि एकाच अयनांशाच्या प्रतींची तुलना करावी.

वक्री ग्रहापुढे ‘व’ किंवा R छापतात आणि त्याची गती उणे असते. पृथ्वी बाहेरच्या ग्रहाला मागे टाकते, किंवा बुध-शुक्र पृथ्वीला मागे टाकतात, तेव्हा तो ग्रह काही काळ उलट सरकताना दिसतो. त्याचे अंश दररोज कमी होत जातात. मीन राशीत १६ अंश ३८ कलांवर असलेल्या वक्री शनीची गती उणे ४ कला असेल, तर आदल्या दिवशी तो १६ अंश ४२ कलांवर होता. १६ अंश ४० कलांवर रेवती सुरू होते, म्हणजे तो रेवतीतून मागे उत्तराभाद्रपदेत आला आहे. गती शून्याजवळ असेल तर ग्रह वक्री किंवा मार्गी होण्याच्या बेतात असतो.

या खुणांवरून तक्त्याची शहानिशाही करता येते. रवी-चंद्र कधीच वक्री नसतात. मध्यम राहू-केतू नेहमी वक्री असतात आणि त्यांच्यात बरोबर ६ राशींचे अंतर असते. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही. ‘व’ आहे पण गती उणे नाही, किंवा बुध रवीपासून दोन राशी दूर आहे असे दिसले, तर नकल करताना चूक झाली आहे असे समजावे. गतीच्या आकड्यामागचे उणे चिन्ह काही प्रतींत छापलेलेच नसते. तेव्हा दुसऱ्या दिवसाचे अंश पंचांगात पाहून खात्री करावी.