मोहफुलाच्या केंद्राचा आराखडा : बाईच्या हातात पडलेले चार रुपये आणि केंद्राचा ताळेबंद एकाच कागदावर हवा

गोंदिया : मार्च लागला की देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव पट्ट्यातल्या बाया पहाटेच टोपली घेऊन मोहाखाली जातात. वेचलेला मोह अंगणात वाळतो आणि एप्रिलमध्येच गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो, कारण घरात पैशाची नड असते. पावसाळ्यात भाव चढतो, पण तोवर माल दुसऱ्याच्या गोदामात गेलेला असतो.

हे थांबवायला बचत गट किंवा ग्रामसभा खरेदी केंद्र काढायचं ठरवते. वनधन केंद्रासाठी किंवा बँकेसाठी प्रस्ताव लिहायला बसलं की मात्र एक गडबड हमखास होते. पहिल्या पानांवर "महिलांचे सक्षमीकरण होईल" आणि शेवटच्या पानावर नफा-तोटा. दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. खरं तर बाईला जास्तीचा मिळालेला प्रत्येक रुपया हा केंद्राच्या खिशातून गेलेला रुपया असतो. म्हणून दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडायला हवेत.

एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपल्या गावचे आपण टाकावेत. ६० कुटुंबं, प्रत्येकी दोन क्विंटल वाळलेला मोह, म्हणजे १२ हजार किलो. व्यापारी ३० रुपये देतो असं धरू (केंद्र सरकारने २०२० मध्ये ठरवलेली आधारभूत किंमतही किलोला ३० रुपयेच होती). केंद्र ३४ देणार. खरेदीला लागले ४ लाख ८ हजार. पोती, हमाली, गाडीभाडं, गोदाम, हिशेबनीस आणि कर्जाचं व्याज मिळून ७५ हजार. साठवणीत पाच टक्के घट धरली तर विकायला उरतो ११ हजार ४०० किलो. ऑगस्टमध्ये ४५ रुपयांनी विकला तर ५ लाख १३ हजार येतात. केंद्राकडे ३० हजार उरले आणि कुटुंबांकडे ४८ हजार जास्तीचे गेले, घरटी ८०० रुपये.

कागदावर छान दिसतं. पण भाव ४० वरच अडकला तर? तेव्हा केंद्राला २७ हजारांचा फटका बसतो. किलोमागे साधारण ४२ रुपये ३७ पैसे मिळाले तरच ना नफा ना तोटा. हा आकडा आराखड्यात ठळक लिहा, बँकेचा साहेब तोच शोधत असतो. (गोदाम फुकट मिळालं असेल तरी त्याचं भाडं खर्चात धरा. अनुदान वेगळं दाखवा, विक्रीत मिसळू नका. नाहीतर अनुदान संपल्यावर केंद्रही संपतं.)

यावर तोड अशी की भाव दोन हप्त्यांत द्यायचा. खरेदीच्या दिवशी रोख ३१, आणि विक्री झाल्यावर ३ रुपये बोनस. आता भाव ४० राहिला तरी केंद्राकडे ९ हजार उरतात, फक्त पूर्ण बोनस देता येत नाही. अडचण एकच. नड असलेल्या घराला ऑगस्टचे ३ रुपये एप्रिलमध्ये उपयोगाचे नाहीत, तिथे ते घर व्यापाऱ्याकडे परत जाऊ शकतं. म्हणून किती घरांनी पूर्ण माल केंद्राला दिला, हेही मोजायचं.

मोजायचं कसं? वेगळा सर्व्हे नको, खरेदीच्या वहीतच रकाने वाढवा : तारीख, वजन, दिलेला भाव, त्या दिवशी व्यापाऱ्याचा भाव, पैसे कुणाच्या खात्यात गेले. शेवटचा रकाना टाळू नका. माल बाईने वेचला आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात गेले, तर सक्षमीकरण कुणाचं झालं?

व्यापाऱ्याच्या भावाबाबत एक फसगत होते. केंद्र सुरू झालं की तोही ३० चे ३३ करतो. मग वहीत फरक एकच रुपया दिसतो आणि केंद्राचा काही उपयोग नाही असं वाटतं. प्रत्यक्षात केंद्राला माल न देणाऱ्यांनाही तीन रुपये जास्त मिळालेले असतात. म्हणून जिथे केंद्र नाही अशा शेजारच्या एखाद्या गावचा भावही आठवड्याला टिपून ठेवावा.

आणि घट. सगळा हिशेब या पाच टक्क्यांवर उभा आहे. ओलसर मोह घेतला तर पावसाळ्यात तो चिकट होतो, काळा पडतो, आंबूस वास येतो. खुणेची चार-पाच पोती बाजूला ठेवून दर पंधरवड्याला वजन करा. घट दहा टक्क्यांवर गेली तर ४५ च्या भावातही ३० हजारांतले फक्त ३ हजार उरतात. वजन भराभर उतरायला लागलं किंवा वास बदलला, तर ऑगस्टची वाट न बघता माल काढून टाकलेला बरा.