मराठीत घास, हिंदीत गवत

जेवणाच्या संदर्भात ‘घास’ या शब्दाइतकी माया मराठीत फार थोड्या शब्दांत आहे. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत इथली मुलं जेवायला शिकतात. कोरड्या चटण्या आणि मेतकूट विकणाऱ्या एखाद्या नव्या उद्योगाने हेच नाव घेतलं, असं समजू. सांगली-कोल्हापुरात ते चटकन रुजेल. पण पाकीट इंदूरच्या दुकानात गेलं की त्याचा अर्थ बदलतो, कारण हिंदीत घास म्हणजे गवत. गुजराती आणि बंगालीतही तेच. एखाद्याची बुद्धी ठिकाणावर नसली, तर हिंदी माणूस त्याची अक्कल घास चरायला गेली असं म्हणतो. मराठी शेतकरीही लसूणघास जनावरांना घालतो, पण त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात आणि कुठला कधी घ्यायचा हे संदर्भावरून कळतं. परप्रांतातल्या गिऱ्हाइकाकडे तो संदर्भ नसतो. त्याच्या हातात चाऱ्याचं नाव असलेलं खाण्याचं पाकीट येतं.

दुसरी अडचण रोमन लिपीची. Ghas लिहिलं काय किंवा Ghaas लिहिलं काय, इंग्रजीच्या सवयीने वाचणारा त्यातला h सोडून देतो आणि उच्चार ‘गॅस’च्या जवळ जातो. खाण्याच्या पदार्थाला याहून वाईट शेजार मिळणं कठीण. तिसरी अडचण तमिळची. तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ यांना मिळून एकच अक्षर आहे आणि शब्दाच्या सुरुवातीला ते सहसा ‘क’ असं वाचलं जातं. त्यामुळे घासचा ‘कास’ होतो. त्याच्या जवळचा तमिळ शब्द ‘कासु’, म्हणजे पैसा.

या तीन दोषांचं वजन सारखं नाही. तमिळमधला बदल निरुपद्रवी आहे, तो चालवून घेता येतो. रोमनमधला दोष अक्षरं बदलून थोडा झाकता येतो, पण पुरता जात नाही. हिंदीतल्या अर्थावर मात्र काही उपाय नाही. माल महाराष्ट्राबाहेर न्यायचा असेल, तर हे नाव सोडलेलं बरं.

मग ‘आई’वर नजर जाते. आईच्या हातची चटणी ही कल्पना कोणत्याही प्रांतात पोचेल असं वाटतं. शब्द मात्र पोचत नाही. हिंदीत ‘आई’ म्हणजे आली. रोमनमध्ये Aai पाहून पुष्कळ जण संगणकाच्या जगातलं ‘एआय’ वाचतील. आणि तमिळ घरांत लहान मुलाच्या शी-ला ‘आय’ किंवा ‘आयि’ म्हणतात. ही शेवटची गोष्ट शब्दकोश चाळून सहजासहजी हाती लागत नाही. ती तमिळ आईलाच विचारावी लागते. म्हणून नावाची परीक्षा कोशावर थांबवता येत नाही. बोबडे बोल, शिव्या आणि तरुणांची बोली कोशात उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ‘चूल’ हे नाव घेतलं तरी तोच प्रकार होतो. मराठीत ती स्वयंपाकघरातली चूल, तर हिंदी तरुणांच्या बोलीत ‘चुल’ म्हणजे अंगात आलेली खाज. शिवाय मराठीतला दंततालव्य ‘च’ हिंदी भाषकाच्या तोंडी येत नाही.

चटणीला शोभेल असं तिसरं नाव म्हणजे ‘पाटा’. बांगला बोलणाऱ्यांतही वाटण वाटायचा दगड पाटाच, म्हणजे तिकडे अर्थ टिकतो. पण Pata वाचून हिंदी माणूस ‘पता’ म्हणेल, कारण रोमन t मध्ये त आणि ट वेगळे दिसत नाहीत. तमिळमध्ये दोन स्वरांमधला एकटा ‘ट’ ‘ड’सारखा उच्चारला जातो. तो टिकवायला अक्षर दुहेरी लिहावं लागतं. प आणि ब यांनाही तिथे एकच अक्षर असल्याने ‘पाट्टा’ अशी जी अक्षरं उमटतात, तीच ‘बाटा’ या चपला-बुटांच्या प्रसिद्ध नावाची तमिळ अक्षरं आहेत.

परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यावी लागते. एका गटाला फोनवर नाव एकदाच सांगायचं आणि लिहून पाठवायला सांगायचं. हेच लोक उद्या खरेदीच्या ॲपवर शोधताना ती अक्षरं टाइप करणार असतात. दुसऱ्या गटाला फक्त छापलेलं नाव दाखवून मोठ्याने वाचायला लावायचं. एकाच माणसाकडून दोन्ही करून घेतलं, तर पहिलं ऐकलेलं दुसऱ्यात झिरपतं. दर भाषेची पाच-सहा माणसं सुरुवातीला पुरतात, पण त्यांत एखादी आजी आणि एखादा कॉलेजचा मुलगा हवाच. ‘नाव आवडलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण ओळखीचे लोक होच म्हणतात. ‘हे ऐकून काय विकत असतील असं वाटतं?’ असं विचारावं. या शब्दाजवळचा एखादा वाईट शब्द आठवतो का, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा. सहांपैकी दोघांनी जरी तोच वाईट शब्द सांगितला, तरी नाव बाजूला ठेवावं.

काही ध्वनी आधीच सांभाळता येतात. ‘ळ’ प्रमाण हिंदीत आणि बांगलात नाही. ‘ज्ञ’ मराठीत द्न्य, तर हिंदीत ग्य होतो. बांगलात ‘व’चा बहुधा ‘ब’ होतो आणि ‘अ’ ओकाराकडे झुकतो, त्यामुळे ‘वरण’ तिथे ‘बोरोन’सारखं ऐकू येईल. दक्षिणेत ‘त’साठी th लिहिण्याची रीत आहे. महाप्राण अक्षरं टाळली, तर तमिळची निम्मी अडचण मिटते.

‘अमूल’ या नावाकडे या कसोटीवर पाहण्यासारखं आहे. आणंदच्या दूध संघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं त्यात आहेत आणि ‘अमूल्य’चा ध्वनीही. त्यात महाप्राण नाही, जोडाक्षर नाही आणि Amul ही रोमन अक्षरं चुकवणं अवघड. तमिळमध्ये ‘अमुल’ म्हणजे अंमलबजावणी. आपला ‘अंमल’ ज्या अरबी शब्दातून आला, त्यातूनच तोही आला. बांगलात ‘आमूल’ म्हणजे मुळापासून. दोन्ही अर्थांचा दुधाशी संबंध नाही, पण दुधाला बट्टा लावणारंही त्यांत काही नाही. परभाषेत नावाकडून एवढीच अपेक्षा ठेवता येते.

यानंतर कायद्याची चाळणी येते. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 नुसार मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही, म्हणून चटणीला ‘झणझणीत’ हे नाव मिळणं अवघड. कलम 11 आधीच्या नावांशी असलेलं साम्य पाहतं आणि त्यात उच्चाराला मोठं वजन आहे. ‘ग्लुकोव्हिटा’ ही ग्लुकोज पावडर आणि ‘ग्लुव्हिटा’ ही बिस्किटं यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या नावाची नोंदणी नाकारली. सामान्य बुद्धीच्या आणि अर्धवट आठवण असलेल्या गिऱ्हाइकाला एका ‘को’ने फरक कळणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. बहुसंख्य भारतीयांना हे शब्द परके आहेत, हेही त्याने लक्षात घेतलं.

म्हणून ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेताना फक्त एक स्पेलिंग टाकून चालत नाही. तिथे उच्चारावरून शोधण्याची सोय आहे. फोनच्या परीक्षेत लोकांनी जी-जी स्पेलिंगं लिहून पाठवली, ती सगळी इथे एकेक करून टाकावीत. मसाले, पीठ आणि चटण्या वर्ग 30 मध्ये येतात, दूध आणि टिकवलेल्या भाज्या वर्ग 29 मध्ये, तर उपाहारगृह वर्ग 43 मध्ये. अर्जाचं शुल्क दर वर्गाला वेगळं भरावं लागतं. जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर हरकत घ्यायला इतरांना चार महिने मिळतात. तोवर छापील पाकिटांची मोठी ऑर्डर न देता कोऱ्या पाकिटांवर लेबल चिकटवून माल विकला, तर ऐनवेळी नाव बदलावं लागलं तरी फक्त लेबलंच वाया जातात.