बल्बचं वाय-फाय वेगळं

नवा स्मार्ट बल्ब लुकलुकतोय, पासवर्डही बरोबर आहे, तरी अ‍ॅप ‘जोडणी झाली नाही’ असंच सांगतं. अशा वेळी बल्ब बहुधा निर्दोष असतो. अनेक स्वस्त उपकरणांत ईएसपी८२६६सारखी चिप असते आणि ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटर मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली देतो. फोन ५ वर असला, की काही अ‍ॅप तिथेच अडकतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करून ते फक्त २.४ वर ठेवावं, सुरक्षेसाठी WPA2 निवडावं आणि फोन तात्पुरता त्यावर घेऊन बल्ब जोडावा. पुढे फोन मूळ नेटवर्कवर परतला, तरी बल्ब इंटरनेटमार्फत चालतो. शिवाय तो कोणी हॅक केलाच, तर तिथून लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड होतं.

प्रिंटर आणि टीव्ही मात्र मूळ नेटवर्कवरच ठेवावेत. गेस्टवर गेले, की घरच्या फोनला ते सहसा दिसत नाहीत.