नव्या संगणकात जुनी विंडोज

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम असा असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज एक्सपी बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे. त्यासाठी ५१२ एमबी मेमरी सहसा पुरते.

अडते ते डिस्कपाशी. एक्सपीच्या मूळ सीडीत साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नसतो, म्हणून इन्स्टॉलेशन सुरू होताच निळा पडदा आणि `0x0000007B` हा क्रमांक दिसू शकतो. अशा वेळी आभासी डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडावी. एक्सपीला २०१४ पासून नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे आभासी यंत्राचे नेटवर्क बंदच ठेवावे आणि फाइली आत आयएसओ प्रतिमेतून न्याव्यात. समांतर पोर्टचे डाँगल मागणारे प्रोग्रॅम मात्र इथे बहुधा अडतात.