मॅडम रजेवर, मेल सुरूच

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिथल्या लेखा विभागाच्या व्यवस्थापक १ जुलैपासून प्रसूती रजेवर जाणार आहेत. २०१७च्या दुरुस्तीने ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, म्हणजे मॅडम अर्धं वर्ष कार्यालयात नसतील. पुरवठादारांची बिलं, सीएचे प्रश्न, बँकेची पत्रं आणि जीएसटीच्या नोटिसा मात्र त्यांच्याच मेलवर येत राहतील. ते सगळं विभागातला एक सहकारी पाहणार आहे आणि त्याच्यासाठी एक हँडओव्हर नोट लिहायची आहे.

अशा नोटा बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी संध्याकाळी लिहिल्या जातात. त्यात दहा-बारा विषयांची यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘पेंडिंग’ किंवा ‘फॉलोअप करणे’ असं लिहिलेलं असतं. ‘काही अडलं तर फोन करा’ ही शेवटची ओळ. या ओळीवर फार भिस्त ठेवता येत नाही. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत बाईला कामावर ठेवायला कायद्याने मालकाला मनाई आहे. त्यामुळे निदान त्या काळात तरी नोट एकट्याने पुरी पडली पाहिजे. पहिली पायरी म्हणून, मॅडमना फोन न करता कुणाला विचारायचं, ते नाव नोटेत प्रत्येक विषयापुढे हवं.

मेलमध्ये लिहिलेलं सहकाऱ्याला वाचता येतंच. नोटेचं खरं काम मेलमध्ये न दिसणारं सांगण्याचं आहे. फोनवर काय कबूल केलं, कोणती मुदत कधीपासून मोजायची, किती रकमेपर्यंत ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणाला आहे, या गोष्टी मॅडमच्या डोक्यात असतात.

एक विषय सविस्तर पाहू. एका लघुउद्योगाकडून ३ जूनला ५०० नग आले. दर ८४० रुपये, म्हणजे जीएसटी बाजूला ठेवला तर बिल ४,२०,००० रुपयांचं. गुणवत्ता तपासणीत ६० नग नापास झाले. मॅडमनी १० जूनला पुरवठादाराला मेलने हरकत कळवली. पुढचं बोलणं फोनवर झालं आणि २४ जूनला पुरवठादाराने ६० नगांची डेबिट नोट मान्य केल्याचं कळवलं. आता ५०,४०० रुपये वजा होऊन ३,६९,६०० रुपये द्यायचे आहेत.

‘सदर पुरवठादाराचे बिल पेंडिंग’ एवढंच लिहिलं, तर सहकाऱ्याला बिल ४,२०,०००चं दिसेल. वजावटीचं त्याला ठाऊक नसेल, तर तो पूर्ण रक्कम मंजुरीला पाठवेल. नापास मालाचं ठाऊक असेल पण तडजोडीचं नसेल, तर तो पैसे अडवून ठेवेल. दुसरी चूक अधिक महागात पडते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांबाबतच्या २००६च्या कायद्यानुसार, लेखी करारात काहीही ठरलेलं असलं तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, तेही दरमहा.

हे ४५ दिवस कधीपासून मोजायचे, हा इथला कळीचा प्रश्न. माल आल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर हरकत मिटल्याचा दिवस हा स्वीकाराचा दिवस ठरतो. १० जूनची हरकत मेलने गेली होती, म्हणून मोजणी २४ जूनपासून होते आणि शेवटची तारीख ८ ऑगस्ट येते. हरकत नुसती फोनवर घेतली असती, तर मोजणी ३ जूनपासून झाली असती आणि पैसे १८ जुलैपर्यंत द्यावे लागले असते. १० जूनचा तो एक मेल तीन आठवड्यांचा फरक पाडतो, पण शेकडो मेलांच्या ढिगात सहकाऱ्याला तो आपणहून सापडणार नाही.

म्हणून नोटेतली नोंद अशी हवी: ‘५०० नगांचं बिल. ६० नग नापास, डेबिट नोट ५०,४०० रुपयांची, पुरवठादाराला मान्य. देय ३,६९,६०० अधिक त्यावरचा जीएसटी. लेखी हरकत १० जून, तडजोड २४ जून. दोन्ही मेलांना “मुदत-ऑगस्ट” हे लेबल लावलं आहे. शेवटची तारीख ८ ऑगस्ट, पण पुरवठादाराला ३१ जुलैचा शब्द मी फोनवर दिला आहे, तो पाळावा. डेबिट नोट अजून सिस्टीममध्ये चढलेली नाही. ती परचेसकडून ५ जुलैपर्यंत मागून घ्या. पेमेंटची मंजुरी वित्तप्रमुखांची.’ असे सगळे मिळून आठ-दहाच विषय असतील. प्रत्येकी अशा पाच-सहा ओळी लिहिल्या, तरी नोट तीन-चार पानांत बसते.

चालू विषय संपले की ठरावीक तारखांचा कागद. मागच्या महिन्यात कापलेला टीडीएस ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, भविष्यनिर्वाह निधी १५ तारखेपर्यंत आणि मासिक विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत. या तारखा सहकाऱ्याला बहुधा पाठ असतात. पण त्या तारखेच्या आधी कोणता मेल यायला हवा, ते त्याला माहीत नसतं. समजा, सीएच्या कार्यालयातून टीडीएसचा तक्ता दर महिन्याच्या ४ तारखेला येतो आणि न आल्यास मॅडम ५ तारखेला सकाळी फोन करतात. त्यांची ही सवय कुठेच लिहिलेली नाही. तक्ता आला नाही, तर इनबॉक्स शांत दिसेल आणि सहकाऱ्याला वाटेल, सगळं सुरळीत आहे. नोटेत म्हणून ‘हे मेल आलेच पाहिजेत’ अशी वेगळी यादी असावी: काय, कुणाकडून, कोणत्या तारखेपर्यंत आणि न आल्यास कुणाला फोन.

आता दार उघडून देण्याचा प्रश्न. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पासवर्ड सांगणं, आणि तोच चुकीचा. जीमेल आणि आउटलुक दोन्हींमध्ये आपला इनबॉक्स दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातून उघडून देण्याची सोय आहे. जीमेलमध्ये असा प्रतिनिधी मेल वाचू, पाठवू आणि पुसूही शकतो. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. कंपनीच्या खात्यात ही सोय आधी आयटी विभागाला सुरू करावी लागते, म्हणून ते काम रजेच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. आउटलुकमध्ये ‘मॅडमच्या नावाने’ आणि ‘मॅडमच्या वतीने’ पाठवण्याचे अधिकार वेगवेगळे मिळतात. दुसरा प्रकार बरा, कारण उत्तर कुणी लिहिलं ते समोरच्याला दिसतं आणि पुढे वाद झाला तर शोधताही येतं.

जीमेलची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: एखादं लेबल तेवढं प्रतिनिधीपासून झाकून ठेवता येत नाही. पगारवाढीची चर्चा, कुणाची गोपनीय तक्रार किंवा डॉक्टरांची पत्रं त्या इनबॉक्समध्ये असतील, तर दार उघडण्याआधी ती तिथून हलवावी लागतात. दुसरी अडचण न वाचलेल्या मेलांची. अनेक जण करायचं काम विसरू नये म्हणून मेल ‘न वाचलेला’ करून ठेवतात. सहकाऱ्याने तो उघडला की खूण पुसली जाते, आणि पुसली गेली हे दोघांनाही कळत नाही. अशा प्रत्येक मेलला आधीच लेबल द्यावं. मॅडमनी लावलेले फिल्टरही लिहून द्यावेत. जीएसटी पोर्टलचे मेल आपोआप एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये जात असतील, तर विवरणातल्या तफावतीची नोटीस तिथेच पडून राहील, आणि तिच्या उत्तराला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात.

मेल उघडला तरी पोर्टलचा ओटीपी मॅडमच्या मोबाइलवर जातो. डिजिटल सही आणि तिचा पिन सहकाऱ्याकडे देऊन ठेवण्याची पद्धत कार्यालयांत दिसते. पण आपल्या सहीची खाजगी किल्ली आपल्याच ताब्यात ठेवण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा सहीधारकावर टाकतो. योग्य वाट म्हणजे पोर्टलवर दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता नोंदवणं. त्यात मंजुरीचे टप्पे असतात, त्यामुळे हे काम रजेच्या महिनाभर आधी सुरू झालेलं बरं.

रजेच्या काळात ठगांनाही संधी मिळते. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचे पैसे नव्या खात्यात पाठवा’ असा मेल ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने येतो. पत्त्यात m च्या जागी r आणि n जोडून लिहिलेलं असतं आणि घाईत ते नजरेतून सुटतं. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासॉस्कास याने तैवानच्या एका खऱ्या पुरवठादाराचं नाव घेऊन २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरांहून जास्त रक्कम उकळली. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. मॅडमना पुरवठादाराच्या हिशेबनीसाचा आवाज ओळखीचा असतो. नव्या माणसाला नसतो. म्हणून नोटेत ठसठशीत नियम हवा: खातं बदलण्याची विनंती मेलवरून कधीच मान्य करायची नाही. जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करायचा, मेलमधल्या क्रमांकावर नाही. मग वित्तप्रमुखांची लेखी संमती घ्यायची. पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवायचं आणि १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करायची.

याच कारणाने बाहेरच्यांना जाणारं स्वयंचलित उत्तर त्रोटक असावं. ‘मी डिसेंबरअखेरपर्यंत प्रसूती रजेवर आहे, पेमेंटची मंजुरी अमुक सहकारी देतील’ असं लिहिलं, की कुणाला गाठायचं ते अनोळखी माणसालाही कळतं. ‘लेखा विभागाशी या पत्त्यावर संपर्क साधा’ एवढं पुरतं.

नोट लिहून झाली की तपासायची कशी? रजेच्या आधीच्या आठवड्यात इनबॉक्स सहकाऱ्याने चालवावा आणि मॅडमनी शेजारी बसून पाहावं. त्याला विचारावा लागलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे नोटेतली एक राहिलेली ओळ. ती त्याच दिवशी भरून घ्यावी. सुरुवातीचे प्रश्न बहुतेक अधिकाराचे असतात: तारीख वाढवून द्यायला मी ‘हो’ म्हणू का, पाच हजारांचा फरक सोडून देऊ का? म्हणून अधिकारांचे तीन भाग लिहून ठेवावेत. कोणत्या मेलांना सहकाऱ्याने स्वतः उत्तर द्यायचं, कोणते वरिष्ठांना विचारून आणि कोणते उत्तर न देता फक्त पुढे पाठवायचे.

२६ आठवड्यांत सहकारीही बरेच निर्णय घेईल. ते त्याच नोटेच्या खाली तारखेसह लिहीत गेलं, तर मॅडम परततील तेव्हा त्यांना सहा महिन्यांचे मेल उपसावे लागणार नाहीत. पहिल्या दिवशी दोघांनी ती यादी वाचायची, उघडे विषय परत घ्यायचे आणि इनबॉक्सची परवानगी, स्वयंचलित उत्तर आणि पोर्टलवरची जादा नोंद या तीन गोष्टींबाबत ठरवायचं. परवानगी आणि स्वयंचलित उत्तर त्याच दिवशी बंद व्हायला हवं. दुसरा स्वाक्षरीकर्ता पुढेही ठेवायचा की नाही, हे वित्तप्रमुख ठरवतील.