नातू की जोशी?

जुन्या वर्गणीच्या याद्यांत आणि संस्थांच्या अहवालांत बाई भेटते ती ‘सौ. अमुक’ म्हणून. तिचं माहेर शोधताना लग्नाआधीचं एखादं आडनाव हाती लागलं की आपण तिथेच थांबतो. बाया कर्व्यांच्या बाबतीत हे थांबणं महागात पडतं.

धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात पुनर्विवाह केला. वधू याच बाया, त्यांचं त्याआधीचं नाव गोदूबाई नातू. पण नातू हे त्यांचं माहेर नव्हे, ते पहिलं सासर. आठव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्या दाखल झाल्या, तेव्हाही नातूच होत्या. पुनर्विवाहित स्त्रीच्या कागदांत ‘पूर्वीचं नाव’ दिसलं की आधी विचारायचं, कुठल्या लग्नाच्या पूर्वीचं?

माहेर लागतं ते भावामुळे. कर्व्यांचे मुंबईतले स्नेही नरहरपंत जोशी हे गोदूबाईंचे भाऊ, देवरुखचे. म्हणजे जन्मनाव गोदू जोशी, वडील बाळकृष्णपंत. नवऱ्याच्या आत्मचरित्रात मेव्हणा मित्र म्हणून आधीच वावरत असतो, त्यामुळे नुसती लग्नाची हकिकत वाचून भागत नाही. बायांचं स्वतःचं ‘माझे पुराण’ही आहे, पण ते उतारवयातलं. तारखांना त्याच्याबाहेरचा आधार घ्यावा.

दुसऱ्या लग्नात त्यांचं नाव आनंदी ठेवलं गेलं. त्याला माहेरचं आडनाव जोडून शोध घेतला, तर समोर उभ्या राहतात डॉक्टर आनंदीबाई जोशी, ज्यांचं माहेरही जोशी आणि सासरही जोशी!

पुढची वाट कुलवृत्तांताची. त्यात मुलगी वडिलांच्या नोंदीखाली सासरच्या नावानिशी येते आणि सून माहेरच्या आडनावासह. दोन्ही घराण्यांचे वृत्तांत ताडून पाहिले, नावं आणि गावं जुळली, तर धागा पक्का. पण जोशी एका गोत्रात मावत नाहीत, त्यामुळे आधी गोत्र आणि मूळ गाव नक्की केल्याशिवाय कुठला ग्रंथ उघडायचा तेच कळत नाही. शिवाय पुनर्विवाहाला विरोध करणाऱ्या घराने ती नोंद गाळलेली असू शकते.

आईच्या नावासाठी मला जास्त भरवसा वाटतो तो घरातल्या पितरांच्या यादीचा. महालयात यजमान आपल्या आईच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं आणि आईच्या आईचंही नाव घेतो. म्हणून शोध बाईचा असला तरी यादी मुलाची पाहावी. कर्व्यांच्या घरात मात्र मुलगा कोणाचा हे आधी पाहावं लागेल. रघुनाथ पहिल्या पत्नी राधाबाईंचा, म्हणजे त्याचं आजोळ वेगळं. आणि आजीचं नाव मिळालं तरी ते तिच्या सासरचं, लग्नात बदललेलं. तिचं माहेर पुन्हा तिच्या भावाकडूनच शोधावं लागतं.